आधी कोणती प्रत दाखवायची

चित्रपट म्हणजे एकच वस्तू असते, असे बहुतेकांना वाटते. पुस्तक जसे साकोलीत घेतले काय आणि मुंबईत घेतले काय, पाने तीच. मी टॉकीजमध्ये आधी ऑपरेटर आणि पुढे मॅनेजर म्हणून नोकरी केली, त्यामुळे एवढे खात्रीने सांगू शकतो की चित्रपटाचे तसे नसते. नाव एक, पोस्टर एक, नट तेच, आणि डब्यात निघतो तो माल वेगळा.

आमच्या टॉकीजला एक धान्याचे व्यापारी नेमाने यायचे. नागपूरला पाहिलेला चित्रपट ते साकोलीत पुन्हा पाहत, आणि मध्यंतरात माझ्यापाशी येऊन तक्रार करत. "मॅनेजरसाहेब, नागपूरले या ठिकाणी गाणं होतं. तुमी खाल्लं का?" मी त्यांना ऑफिसात बसवून प्रमाणपत्र दाखवायचो. सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर चित्रपटाची लांबी मीटरमध्ये लिहिलेली असते, रिळांची संख्या असते, आणि नंतर काही कापले किंवा घातले तर त्याचीही नोंद व्हावी लागते. एका मिनिटात सुमारे साडेसत्तावीस मीटर फिल्म यंत्रातून जाते. मीटरला त्याने भागले की मिनिटे निघतात. प्रमाणपत्रावरची मिनिटे आणि माझ्या घड्याळातली मिनिटे जुळली, तर गाणे आम्ही खाल्लेले नाही, वरूनच आलेले नाही. व्यापारी माणूस, त्यांना हा हिशेब पटे. तरी जाताना म्हणत, "मंग नागपूरवाल्यानं जास्त दिलं म्हणा."

पुढे व्हिडिओ आला तेव्हा उलटी तक्रार सुरू झाली. स्टँडजवळच्या कॅसेट लायब्ररीचा मालक एकदा हातात कॅसेट घेऊन आला. थिएटरात दीडशे मिनिटे चाललेला चित्रपट कॅसेटवर एकशे चव्वेचाळीस मिनिटांत संपतो, म्हणजे सहा मिनिटे कापली, असे त्याचे म्हणणे. मी दोन्ही पाहिले. एक प्रसंगही कमी नव्हता. सिनेमाचे यंत्र सेकंदाला चोवीस चित्रे दाखवते, आपल्याकडचा व्हिडिओ पंचवीस. तेवढाच चित्रपट थोडा घाईने पळतो, म्हणून शंभरातली चार मिनिटे कमी होतात. गाण्यांचा सूरही किंचित वर चढतो. तेव्हापासून मी एक धडा मनात ठेवला होता की मिनिटे नुसती मोजून भागत नाही. पण धडा मनात असणे वेगळे आणि वेळेवर आठवणे वेगळे. खाली सांगतो त्या प्रसंगात सोळा रिळांचा आकडा ऐकून मीही निश्चिंत झालो होतो.

सुदामजी आंधळगावकडचे. चार एकर धानाची शेती, आणि दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते तेव्हा नाटकात काम करायचे. बापाची, सावकाराची, राजाची कामे. आवाज असा की मागच्या रांगेतल्याला माईक लागत नसे. आमच्या भागात एका चित्रपटाचे चित्रीकरण झाले तेव्हा मुंबईच्या दिग्दर्शकाने त्यांना नायिकेच्या बापाचे काम दिले. चित्रपटाचे नाव मी लिहीत नाही. ज्यांनी पाहिला त्यांना कळेल.

सुदामजींना निर्मला नावाची एकच मुलगी. तिने आपल्या मनाने लग्न केले. जावई देवचंद, साकोलीत एस.टी. स्टँडसमोर त्याचे सायकल दुरुस्तीचे दुकान. लग्न करून ती पहिल्यांदा माहेरी गेली, त्या दिवशी अंगणात तिनेच सवयीने विहिरीवरून पाणी भरून आणले होते. आमच्याकडे पाण्याच्या पितळी घागरीला गुंड म्हणतात. सुदामजींनी तो भरलेला गुंड तिच्या हातातून घेतला, पाणी अंगणात ओतले, आणि गुंड उंबऱ्यावर पालथा ठेवला. म्हणजे या घरचे पाणी तुला संपले. साऱ्या गल्लीने पाहिले. निर्मला आल्या पावली साकोलीला परतली आणि पुन्हा गेली नाही.

चित्रपटातही बाप मुलीला घराबाहेर काढतो असा प्रसंग होता. दिग्दर्शकाने विचारले, तुमच्याकडे बाप काय करील? सुदामजींनी करून दाखवले. तोच प्रसंग चित्रपटात राहिला, आणि जिल्ह्यात सगळ्यांनी ओळखला. भंडाऱ्याला आणि तुमसरला चित्रपट लागला तेव्हा बाजारात पोरे त्यांच्या मागे ओरडायची, "गुंड पालथा, गुंड पालथा!"

एके दुपारी ते माझ्या ऑफिसात आले आणि टोपी काढून मांडीवर ठेवून बसले. त्यांनी सांगितले ते असे. चित्रपटात आणखी एक प्रसंग होता. शेवटाकडे बाप मुलीच्या गावी जातो. ती घरी नसते. दाराशी तिचा रिकामा गुंड असतो. तो विहिरीवर जाऊन पाणी ओढतो, गुंड भरून दाराशी ठेवतो आणि निघून जातो. हा प्रसंग लिहिलेला नव्हता. चित्रीकरणाच्या दिवशी सुदामजींनीच सुचवला होता. दिग्दर्शकाने आपल्या प्रतीत तो ठेवला. पण मुंबईत पहिल्या आठवड्यात चित्रपट चालला नाही, म्हणून वितरकाने कात्री लावली. चार मिनिटे कोणी बोलत नाही, मग पब्लिक काय करील, हे त्याचे कारण. तो प्रसंग गेला, आणखी काही गेले, आणि मध्ये एक गाणे घातले. आपल्याकडे आली ती ही प्रत.

"लोकायनं अर्धाच माणूस पाह्यला जी," ते म्हणाले. "उरलेला अर्धा डब्यात हाये."

मी विचारले, हे तुम्ही निर्मलाला जाऊन का सांगत नाही?

ते टोपीची घडी करू लागले. "नाटकात शंभरदा रडलो मी. घरी तोंड उघडत नाही. तिनं तो सीन पाह्यला पाह्यजे. बस, येवढंच करा."

निर्मला माझ्या घरापासून दोन घरे सोडून राहायची, माझ्या पत्नीशी तिचे चांगले होते. पत्नीने चाचपून पाहिले. निर्मलाने भंडाऱ्याला जाऊन चित्रपट पाहिला नव्हता, पण कोणी ना कोणी तिला सगळे सांगितले होते, फक्त पालथ्या गुंडापर्यंत. ती म्हणाली होती की साकोलीत लागेल तेव्हा एकदा बघीन, आणि मग माहेरचे नाव घरात काढणार नाही. चुकीचा डबा आला तर ती आपल्या बापाने पाणी ओतलेले पुन्हा एकदा बघणार, तेही साऱ्या तालुक्यासोबत अंधारात बसून, आणि दार कायमचे लावून घेणार.

मी अमरावतीच्या वितरकाला लिहिले की कापलेली प्रत नको, पूर्ण लांबीची प्रत पाठवा. उत्तर आले की लांब प्रिंट आहे, सोळा रिळांची, खास नवीन काढलेली. आधीची प्रत तेरा रिळांची होती. तेरापेक्षा सोळा मोठे. सुदामजी खूश झाले. सेठजींनी, म्हणजे आमच्या मालकांनी, पोस्टरवर "संपूर्ण चित्रपट" असे रंगवून घेतले. शुक्रवारपासून खेळ ठरले. निर्मलाने शुक्रवारचा तीनचा खेळ धरला.

गुरुवारी दुपारी वितरकाचा प्रतिनिधी मिश्राजी पेट्या घेऊन बसमधून उतरला. प्रतिनिधी म्हणजे वितरकाचा माणूस, प्रिंटबरोबर येतो आणि गल्ल्यावर लक्ष ठेवतो. मी पेट्या केबिनमध्ये नेऊन पहिले रीळ टेबलावर चढवले.

प्रत तपासायची रीत सांगतो. टेबलावर दोन हातरहाट असतात, एकावरून दुसऱ्यावर फिल्म गुंडाळायची. फिल्मची कड अंगठा आणि बोट यांच्यामधून जाऊ द्यायची. सांधा आला की बोटाला जाडी लागते. मूळ निगेटिव्हमध्येच जोडाजोड केलेली असेल तर छापलेली प्रत गुळगुळीत येते, बोटाला काही लागत नाही. म्हणजे जे बोटाला लागते ते प्रत छापून झाल्यावर कोणीतरी केलेले असते. एखादा सांधा फिल्म तुटल्याचा असतो, त्याची चिंता नाही. पण प्रसंगाच्या सुरुवातीला एक सांधा आणि अखेरीला एक, असे जोडीने आले की समजावे, इथे काहीतरी बसवले आहे किंवा उचलले आहे.

दुसरी खूण कानाची. फिल्मवर आवाजाची पट्टी असते, ती आपल्या चित्राच्या वीस चौकटी पुढे छापलेली असते, कारण यंत्रात चित्राची खिडकी वर आणि आवाज वाचणारा भाग खाली असतो. कोणी प्रतीवर कात्री चालवली की चित्र आधी बदलते, पण जुन्या प्रसंगाचा आवाज पाऊण सेकंद चालूच राहतो आणि मग तुटतो. नवीन माणूस पडद्यावर येतो आणि तोंड न उघडता आधीच्या माणसाचा शेवटचा शब्द बोलतो. दिग्दर्शकाने स्वतः केलेल्या बदलात असे कधी होत नाही. त्याचे संगीत एका प्रसंगातून दुसऱ्यात न अडखळता जाते.

मिश्राजीच्या प्रतीत चौथ्या रिळात सांध्यांची जोडी लागली. फिल्म भिंगाखाली धरली. एक जाडा शिपाई आणि त्याची बायको, दोघेही मूळ चित्रपटात कुठेच नव्हते. रंगही वेगळा, बाकी फिल्म पिवळसर आणि एवढाच तुकडा निळसर. नवव्या रिळात तोच शिपाई पुन्हा. अकराव्यात एक नवे गाणे. चौदाव्यात सुदामजी गुंड पालथा करतात, तो पूर्ण. मी शेवटची रिळे चौकट चौकट पाहत गेलो. विहीर नव्हती. मुलीचे रिकामे घर नव्हते. पालथ्या गुंडानंतर सरळ लग्नाचा मांडव आणि शेवट.

मग प्रमाणपत्र वाचले, जे मी सगळ्यात आधी वाचायला हवे होते. घातलेले प्रसंग मीटरसह नोंदवलेले होते. कापलेले परत जोडल्याची नोंद कुठेच नव्हती. ही दिग्दर्शकाची प्रत नव्हती. थिएटरात चाललेल्या तेरा रिळांत वितरकाने नंतर विनोद आणि गाणे कोंबून वाढवलेली ही प्रत होती, चित्रपट पुन्हा विकायला. हल्ली शहरातली मासिके डायरेक्टर्स कट आणि एक्स्टेंडेड असे शब्द वापरतात आणि लोकांना दोन्ही एकच वाटतात. एका प्रतीत दिग्दर्शकाचे मन असते, मग ती लांब असो की आखूड. दुसरीत नुसती लांबी असते.

मिश्राजीला मी हे सांगितले. तो चहा पीत होता. म्हणाला, "लंबा माँगा था, लंबा दिया. अब इसमें क्या कम है साहब?"

केबिनच्या जिन्यावर सुदामजी उभे होते. मी त्यांना आत बोलावले नाही, तरी त्यांना कळले. माझे तोंड पाहूनच कळले असावे. ते पायरीवर बसले आणि म्हणाले, "मंग उद्या नका लावू जी. काही बी सांगा. मशीन बिघडली म्हणा."

मशीन बिघडली म्हणणे माझ्या हातात नव्हते. पोस्टर लागले होते, सेठजी ऐकणार नव्हते. आणि निर्मलाला खोटे सांगून थांबवले असते, तर पुढे खरे कळल्यावर तिने बापाला आणि मला एकाच पारड्यात घातले असते. मी सेठजींकडे गेलो आणि भावनेचे काही बोललो नाही, आकडे मांडले. सोळा रिळांची एकशे साठ मिनिटे, वर मध्यंतर आणि जाहिराती. दिवसाचे तीन खेळ एकमेकांवर चढतात, तीनचा खेळ सुटायच्या आत सहाची रांग आत येऊ पाहील. तेरा रिळांची साधी प्रत एकशे पस्तीस मिनिटे, ती बसते. ती तुमसरला चालू होती आणि गुरुवारीच उतरत होती. सेठजींनी बोटांवर वेळा मोजल्या आणि मिश्राजीला तुमसरला पिटाळले. त्यांनी माझ्याकडे पाहून एवढेच म्हटले, "पोस्टरवरचा 'संपूर्ण' आता तुमीच पुसा."

दिग्दर्शकाची स्वतःची प्रत कुठे आहे, हे त्याने सुदामजींना नुकत्याच लिहिलेल्या पत्रामुळे कळले होते. नागपूरच्या एका चित्रपट मंडळाकडे ती दाखवायला आलेली होती. चौदा रिळे, एकशे चव्वेचाळीस मिनिटे. म्हणजे थिएटरच्या प्रतीपेक्षा लांब आणि वाढवलेल्या प्रतीपेक्षा आखूड. मी ट्रंक कॉल लावला. त्यांचा रविवारी खेळ होता, तो झाल्यावर सोमवारी सकाळच्या बसने पाठवू म्हणाले. सेठजींनी सोमवारचा तीनचा एक खेळ दिला.

आता प्रश्न उरला तो निर्मलाने आधी काय पाहायचे याचा. मला लोक हा प्रश्न नेहमी विचारायचे, आणि माझे उत्तर ठरलेले असे. वाढवलेली प्रत पहिल्यांदा कधीच पाहू नये, कारण ती कोणाच्याच मनातली नसते. साधारणपणे थिएटरची प्रत आधी पाहावी. सगळ्यांनी ती पाहिलेली असते, बोलणे तिच्याबद्दल असते, आणि ती पाहिली असली म्हणजे दिग्दर्शकाच्या प्रतीत काय परत आले आणि काय गेले हे कळते. अपवाद एकच. कापलेल्या भागामुळे माणूसच बदलत असेल, वाईट दिसणारा चांगला ठरत असेल किंवा उलटे, तर दिग्दर्शकाची प्रत आधी पाहावी. नाहीतर पहिला ग्रह मनात घट्ट बसतो आणि नंतर काही दाखवले तरी ती सारवासारव वाटते.

इथे अपवादच लागू होता. म्हणून त्या संध्याकाळी मी आणि पत्नी निर्मलाकडे गेलो. देवचंद ओट्यावर सायकलच्या ट्यूबला ठिगळ लावत होता. मी तिला तीन प्रती समजावून सांगितल्या. सोमवारच्या प्रतीत तुझ्या वडिलांचे आणखी काम आहे, काय ते मी सांगत नाही, पण शुक्रवारी येऊ नको, सोमवारी ये, असे म्हटले.

तिने शांतपणे ऐकले. मग विचारले, "शुक्रवारचा तोच का, जो भंडाऱ्याले लागला होता?"

"तोच."

"मंग मी शुक्रवारीच येतो भाऊजी."

पत्नी म्हणाली, "अवं, सोमवारचा चांगला हाये म्हणून राहिले ना हे."

"असन. पण ज्या पिक्चरनं लोक हासले, तो मी पाह्यलाच नाही. आधी चांगला पाहू अना मंग म्हणू, जाऊ द्या, झालं ते झालं? तसं नाही झालं वहिनी. आधी गुंडच पालथा झाला. ज्या वळीनं झालं त्या वळीनंच पाह्यन."

ट्यूब हातात धरून देवचंद म्हणाला, "मी बी येतो सोबत."

मी घरी आलो. तिने एकदाच पाहीन म्हटले होते. शुक्रवारनंतर ती सोमवारी येईल की नाही, हे मी विचारायचे विसरलो नव्हतो, विचारायची हिंमत झाली नव्हती.

शुक्रवारी तुमसरची प्रत दुपारी बाराच्या बसने आली. तीनला सुरू केली. दोन यंत्रे आळीपाळीने चालवायची, पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका चमकला की एक बंद आणि दुसरे सुरू. त्या दिवशी ऑपरेटरला बाजूला बसवून ठिपके मीच पाहत होतो, कारण रिकामे बसणे जमत नव्हते. बाराव्या रिळात गुंड पालथा झाला तेव्हा पुढच्या बाकांवरून शिटी आली आणि कोणीतरी ते शब्द ओरडले. केबिनच्या खिडकीतून निर्मलाची जागा दिसत होती. ती हलली नाही. खेळ सुटल्यावर ती गर्दीबरोबर बाहेर पडली, माझ्याकडे पाहिले नाही. शनिवार आणि रविवार माझ्या पत्नीलाही ती भेटली नाही. दार लावलेलेच होते.

सोमवारी नागपूरची बस उशिरा आली. एक वाजून गेला होता. चौदा डबे मोजून घेतले. प्रमाणपत्र आधी वाचले, लांबी जुळली. मग वेळ थोडा म्हणून सरळ तेरावे रीळ चढवले. मांडवाच्या आधी विहीर दिसली. माझा जीव भांड्यात पडला, पण क्षणभरच. आवाज तपासायला यंत्रावर लावून पाहिले तर त्या प्रसंगाला संगीतच नव्हते.

वाचकांना यात काळजीचे काय ते सांगतो. वगळलेला प्रसंग नंतर कोणी परत चिकटवतो तेव्हा बहुधा त्याला पार्श्वसंगीत नसते, कारण संगीत भरायच्या आधीच तो टाकून दिलेला असतो. मला वाटले, मंडळाने कुठून तरी तुकडा मिळवून जोडला. मग तो किती, अर्धा की पूर्ण, आणि गुंड दाराशी ठेवेपर्यंत आहे की मध्येच तुटतो? मी फिल्म काढून पुन्हा टेबलावर घेतली. कड बोटांतून सोडली. प्रसंगाच्या आधी सांधा नाही, नंतर नाही. रंग सलग. परत यंत्रावर लावून नीट ऐकले. आधीच्या प्रसंगात नायिका चुलीपाशी बसलेली असतानाच विहिरीच्या चाकाची कुरकुर हळूच सुरू होते, आणि मग चित्र विहिरीवर जाते. चिकटवलेल्या तुकड्यात असे होऊच शकत नाही. संगीत राहून गेलेले नव्हते. दिग्दर्शकाने ते मुद्दाम ठेवले नव्हते. त्याला फक्त ते चाक ऐकवायचे होते.

सुदामजी जिन्यावर होतेच. मी खाली वाकून म्हटले, "आहे. पूर्ण आहे." त्यांनी मान हलवली आणि विचारले, "ती आली का?"

तीनला पाच कमी असताना ती आली नव्हती. तीनला आली नव्हती. मी जाहिरातीच्या पाट्या सावकाश बदलत वेळ काढला, तोवर सेठजींनी खालून घंटी वाजवली. सुरू करावे लागले. पहिल्या रिळाच्या उजेडात दोन माणसे बाजूच्या दाराने आत येऊन मागे बसली. देवचंदच्या सदऱ्यावर ग्रीसचा डाग होता, म्हणून ओळखले. दुकान बंद करून यायला त्याला उशीर झाला होता.

वितरकाच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, त्या चार मिनिटांत पब्लिकही बोलत नाही. मागे कोणी खोकले, एक मूल रडले आणि गप्प झाले. पुढच्या बाकांवर शुक्रवारचीच पोरे असावीत. शिटी वाजली नाही. चाक कुरकुरत होते. सुदामजींना पाणी ओढण्याची सवय नव्हती हे दिसत होते, दोर हातातून निसटतो आणि ते पुन्हा धरतात. जिन्यावर बसलेल्या सुदामजींना पडदा दिसत नव्हता, फक्त चाक ऐकू येत होते.

खेळ सुटला. मी केबिन सोडून खाली आलो. फाटकाजवळ पाण्याचे माठ होते, तिथे सुदामजी उभे होते, जायचे की थांबायचे हे न ठरवता. निर्मला समोरून आली. देवचंद दोन पावले मागे राहिला. लोक वाट काढत बाजूने जात होते आणि पुढे जाऊन वळून पाहत होते.

सुदामजी माठाचे झाकण सरळ करू लागले. मला वाटले, आता सगळे गेले. एवढे डबे, एवढे फोन, आणि माणूस समोर येऊन मुका.

निर्मलाच बोलली. "बाबा, त्या विहिरीचं पाणी वरतंच होतं. तरी तुमचे हात घसरत होते."

"हो," ते म्हणाले.

"आमची विहीर खोल हाये. दोर बी जुना झाला. येसान तं दोर घेऊन या." आणि ती देवचंदबरोबर निघून गेली.

हे बोलावणे होते की टोमणा, ते मला तेव्हा कळले नाही. पत्नीला विचारले तर तीही म्हणाली, दोन्ही असेल. मी चौदा रिळे उलटी गुंडाळून डब्यात भरली आणि नागपूरच्या बसमध्ये चढवली. वाढवलेली सोळा रिळे मिश्राजी न दाखवताच परत घेऊन गेला होता.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी भाजीला गेलो होतो. दोरवाल्यापाशी सुदामजी उकिडवे बसलेले दिसले. एक एक दोर ओढून पाहत होते. दोरवाल्याने विचारले, विहीर किती हाताची, तेवढा कापून देतो. सुदामजींनी वर पाहिले. मी दिसलो, पण ते माझ्याशी बोलले नाहीत, त्यालाच म्हणाले, "कापू नको बाप्पा. सप्पाच दे."

आख्खे वेटोळे खांद्यावर टाकून ते स्टँडकडे, देवचंदच्या दुकानाच्या दिशेने गेले.